साठ टक्के कशाचे?

चाकण, रांजणगाव, भोसरीच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. तिथल्या क्वालिटी इंजिनिअरच्या रेझ्युमेत एक ओळ हमखास सापडते: ‘सिक्स सिग्मा वापरून रिजेक्शन ६० टक्क्यांनी कमी केले, वर्षाला २५ लाख रुपये वाचवले, १२ जणांच्या टीमचे नेतृत्व केले.’ आकडे बदलतात, साचा तोच राहतो. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून मी अशा ओळी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की ही ओळ लिहिणारा माणूस बहुतेक वेळा कामचुकार नसतो, त्याने खरंच काहीतरी केलेलं असतं. वाईट याचं वाटतं की जे केलं ते या ओळीत कुठेच दिसत नाही. फुगवलेल्या दाव्याने कंपनीची फसवणूक होते हा आक्षेप बरोबरच आहे, पण त्याआधी तो दावा लिहिणाऱ्याचंच काम झाकून टाकतो.

म्हणून अशी ओळ दुरुस्त करायची म्हणजे साठाचे चाळीस करायचे, ‘नेतृत्व’च्या जागी ‘सहभाग’ लिहायचं आणि मान खाली घालून बसायचं, असं मला वाटत नाही. आकडा लहान केल्याने ओळ खरी होत नाही. चाळीस टक्क्यांनाही ‘कशाचे?’ हा प्रश्न तसाच लागू पडतो. दुरुस्ती करायची तर त्या कामाकडे परत जावं लागतं. ते कसं, हे एका नमुन्यावरून सांगतो. उमेदवार आणि त्याचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण अशा प्रकरणाची घडण या धंद्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

भाग आहे कास्ट आयर्नचं एक छोटं हाउसिंग. त्यात २२ मिलिमीटरचं बोअर आहे, टॉलरन्स एच७. म्हणजे बोअर २२.००० ते २२.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, सगळी मुभा एकवीस मायक्रॉनची. महिन्याला साधारण ६,००० नग निघतात. उमेदवाराने चार वर्षांपूर्वी या लाइनवर काम केलं, आणि नोकरी बदलताना घाईघाईत वरची ओळ लिहिली.

मुलाखतीत पहिला प्रश्न साठ टक्क्यांवरच येतो. ओळीतला सगळ्यात मोठा आकडा विचारणाऱ्याचं लक्ष आधी ओढतो. कोणत्या भागाचं रिजेक्शन? कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत? नगांवर मोजलं की रुपयांवर? त्यात रिवर्क धरलं होतं की फक्त स्क्रॅप? हे कारखान्यातलं रिजेक्शन की ग्राहकाकडून परत आलेलं? यातला एकही प्रश्न पेचात पकडण्यासाठी नसतो. ज्याने रोज सकाळच्या बैठकीत रिजेक्शनचा तक्ता वाचला आहे, तो माणूस समोरच्याला हे आपसूक विचारतो.

आता उमेदवाराने जुने महिने आठवून कागदावर मांडले तर काय दिसतं? एप्रिलमध्ये एकूण रिजेक्शन ३.४ टक्के, मेमध्ये ३.५, जूनमध्ये ५.१. जुलै-ऑगस्टमध्ये सुधारणेचं काम झालं. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतची सरासरी २.२, त्यातला सगळ्यात चांगला महिना नोव्हेंबर, २.० टक्के. साठ टक्के आले कुठून हे इथे उघड होतं. सगळ्यात वाईट जून आणि सगळ्यात चांगला नोव्हेंबर यांची तुलना करून ते काढले आहेत. असं करताना खोटं बोलतोय असं कुणाला वाटतही नाही, कारण दोन्ही आकडे खरे असतात. पण जून वाईट का गेला, हा प्रश्न आला की दावा कोसळतो. त्या महिन्यात फाउंड्रीकडून आलेल्या एका लॉटमध्ये ब्लो होल निघाले होते. तो लॉट संपला आणि रिजेक्शन आपोआप खाली आलं. कुणी काही केलं नसतं तरी जुलै जूनपेक्षा बराच चांगला गेला असता.

मग तीन महिन्यांची सरासरी घ्यावी: ४.० वरून २.२, म्हणजे ४५ टक्के घट. बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘आता प्रामाणिक झालं’ म्हणतात. पण या ४५ टक्क्यांतही फाउंड्रीच्या वाईट लॉटचा हिस्सा आहेच. उमेदवाराने ब्लो होलवर काम केलंच नव्हतं, त्याने बोअरवर केलं होतं. म्हणून रिजेक्शन कारणानुसार फोडावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरी चार टक्क्यांपैकी १.९ टक्के बोअर ओव्हरसाइझ झाल्यामुळे होतं, उरलेलं २.१ इतर कारणांचं. नंतरच्या सहा महिन्यांत बोअरचं रिजेक्शन ०.६ आणि इतर १.६. म्हणजे एकूण घट झाली १.८ टक्क्यांची, त्यातली १.३ त्याच्या कामाची आणि ०.५ फाउंड्रीची.

इथे एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तीच आहे. १.९ वरून ०.६ ही घट ६८ टक्क्यांची आहे. फुगवलेल्या साठापेक्षा जास्त! दावा अरुंद केला आणि आकडा मोठा झाला. नेहमी असंच होईल असं नाही. पण फुगवलेला दावा सहसा पसरट असतो. माणूस आपलं खरं काम विभागाच्या किंवा कारखान्याच्या मोठ्या आकड्यात मिसळतो, आणि त्या मिश्रणात ते पातळ होतं. आपल्या हाताखालून गेलेला तुकडा वेगळा काढला की तो लहान असतो, पण दाट असतो.

आता ते काम पाहू. बोअर करणाऱ्या हत्याराच्या टोकाला कार्बाइडचं इन्सर्ट असतं. ते झिजतं तसं बोअर हळूहळू लहान होत जातं, म्हणून ऑपरेटर मशीनमध्ये ऑफसेट देऊन ते पुन्हा मोठं करतो. बोअर लहान राहिलं तर नग पुन्हा मशीनवर घेता येतो. मोठं झालं तर तो थेट भंगारात. या लाइनवर इन्सर्ट झिजलं की ऑपरेटर ऑफसेट पाच-सहा मायक्रॉनने न वाढवता एकदम पंधराने वाढवायचे, म्हणजे पुढचे बरेच नग बघायला नको. शिवाय नवीन इन्सर्ट बसवल्यावर जुना वाढवलेला ऑफसेट तसाच राहायचा आणि पहिले काही नग मोठे निघायचे. उमेदवाराने केलं इतकंच: दोन आठवडे लाल पेटीतल्या प्रत्येक नगावर वेळ लिहायला लावली, त्या वेळा इन्सर्ट बदलण्याच्या नोंदवहीशी जुळवल्या, आणि बहुतेक मोठे नग इन्सर्ट बदलल्यानंतर लगेचचे आहेत हे दाखवून दिलं. मग पद्धत ठरली. इन्सर्ट बदललं की ऑफसेट मूळ आकड्यावर आणायचा, पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, एका वेळी पाच मायक्रॉनपेक्षा जास्त ऑफसेट द्यायचा नाही, दर वीस नगांनी मोजायचं, आणि शिफ्टच्या सुरुवातीला डायल बोअर गेज सेटिंग रिंगवर शून्याला लावायचा.

हे काम उत्तम आहे. लाल पेटी आणि नोंदवही यांची सांगड घालायची बुद्धी होणं, हीच क्वालिटी इंजिनिअरची खरी ओळख. आणि ‘सिक्स सिग्मा वापरून रिजेक्शन ६० टक्क्यांनी कमी केले’ या ओळीत त्यातलं काय उरलं? लाल पेटी नाही, नोंदवही नाही, इन्सर्ट नाही. वीस वेगवेगळ्या उमेदवारांनी तीच ओळ लिहिली असती तरी काही फरक पडला नसता.

‘सिक्स सिग्मा’ या शब्दाचा निकाल लगेच लावता येतो. उमेदवाराने दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, बेल्ट नव्हता, आणि प्रकल्प त्या पद्धतीच्या टप्प्यांनी चाललाही नव्हता. वापरलं होतं ते पॅरेटो आणि व्हाय-व्हाय. तेच लिहावं. सिक्स सिग्मा लिहिलं की सिग्मा पातळी किती होती, प्रक्रियेचा सीपीके किती, गेजचा आर अँड आर केला होता का, हे प्रश्न ओघाने येतात. ज्याने पॅरेटो लिहिला आहे त्याला पॅरेटोबद्दल विचारतात, आणि ते उत्तर त्याच्याजवळ असतं.

पैशांचा दावा मात्र सावकाश सोडवावा लागतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. १.३ टक्के घट, महिन्याला ६,००० नग, म्हणजे महिन्याला ७८ नग वाचले. बोअरच्या टप्प्यापर्यंत एका नगावर झालेला खर्च, कास्टिंग आणि मशीनिंग धरून, ३१० रुपये. भंगारातून ४० रुपये परत येतात. म्हणजे एक नग वाचला की २७० रुपये वाचले. सहा महिन्यांचे ४६८ नग, रुपये सुमारे सव्वा लाख. वर्षाचा अंदाज केला तर अडीच लाख. पंचवीस लाख आले कुठून? ते आले कायझेनच्या सादरीकरणातून. तिथे साहेबांनी नगाची विक्रीची किंमत धरली होती आणि हीच सुधारणा कारखान्यातल्या तशा सगळ्या मशीनवर केली तर किती वाचेल, म्हणजे हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंटचा अंदाज, मांडला होता. तो अंदाज सादरीकरणात योग्य होता, कारण तिथे पुढच्या कामासाठी मंजुरी मागायची होती. तीच स्लाइड उमेदवाराच्या मनात ‘आपण वाचवलेले पैसे’ म्हणून राहिली.

मुलाखतीत पंचवीस लाखांचा हिशेब द्यायची वेळ आली तर तो दोन मिनिटांत मोडतो. लाइन केवढी, नग किती, नगाची किंमत काय, हे विचारणाऱ्याला साधारण माहीत असतं आणि तो मनातल्या मनात गुणाकार करतो. सव्वा लाखाचा हिशेब उमेदवार स्वतः कागदावर मांडू शकतो, आणि मांडताना भंगाराची किंमत वजा करतो तेव्हा समोरचा मान वर करून बघतो. एका भागाच्या एका बोअरवर सहा महिन्यांत सव्वा लाख वाचवणं, तेही एक रुपयाची नवी यंत्रसामग्री न घेता, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. माझ्यासमोर असा हिशेब मांडणारा आला तर मी पंचवीस लाखवाल्याच्या आधी त्याला घेईन, कारण उद्या माझ्या कारखान्यातले आकडे तोच मला सांगणार आहे.

राहिले बारा जण. उमेदवाराच्या हाताखाली कुणी नव्हतं. सुधारणेचा गट पाच जणांचा होता आणि प्रमुख होते प्रॉडक्शन मॅनेजर. ‘नेतृत्व केले’ लिहिलं की पुढचे प्रश्न ठरलेले: रजा कोण मंजूर करायचं? काम कोण वाटायचं? कुणी ऐकलं नाही तर काय केलंत? वार्षिक मूल्यमापन कोण लिहायचं? या चारही प्रश्नांना ‘मॅनेजर’ असं उत्तर येत असेल तर नेतृत्व मॅनेजरचं. पण बारा हा आकडाही हवेतून आलेला नव्हता. तीन शिफ्टमधले बारा ऑपरेटर होते, त्यांना नवी पद्धत शिकवायची होती, आणि ते काम याने एकट्याने केलं होतं, रात्रपाळीला जाऊन. वीस-वीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसांना ऑफसेट कसा द्यायचा हे पंचविशीतल्या मुलाने सांगायचं, आणि त्यांनी ते मानायचं. हे कसं जमवलं, या प्रश्नाला त्याच्याकडे दहा मिनिटं पुरेल एवढं उत्तर आहे. आकडा तोच ठेवायचा, फक्त क्रियापद बदलायचं.

तर आता ओळ अशी होते: ‘कास्ट आयर्न हाउसिंगच्या २२ एच७ बोअरमधील ओव्हरसाइझ रिजेक्शन १.९ वरून ०.६ टक्के (आधीच्या तीन व नंतरच्या सहा महिन्यांची सरासरी, महिन्याला सुमारे ६,००० नग). रिजेक्ट नग इन्सर्ट बदलाच्या नोंदींशी जुळवून कारण शोधले. ऑफसेट देण्याची पद्धत ठरवून तीन शिफ्टमधील १२ ऑपरेटरना शिकवली. सहा महिन्यांत सुमारे सव्वा लाख रुपयांचे स्क्रॅप वाचले.’ जुन्या ओळीपेक्षा ही लांब आहे, हे मान्य. त्यासाठी रेझ्युमेतल्या दुसऱ्या दोन पोकळ ओळी काढाव्या लागतील, आणि त्या सापडतात.

लोक असे आकडे का फुगवतात, याचं एक कारण सल्ल्यांमध्येही आहे. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅस्लो बॉक यांनी रेझ्युमेसाठी एक सूत्र लोकप्रिय केलं. त्याचा आशय असा: काय साधलं, ते कशाने मोजलं, आणि ते साधायला काय केलं, हे तिन्ही एका ओळीत सांगा. सूत्र चांगलं आहे. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्याचा तिसरा भाग गळला. ‘प्रत्येक ओळीत आकडा हवा’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मग ज्यांच्याकडे आकडा नव्हता त्यांनी तो बनवला, आणि ज्यांच्याकडे होता त्यांनी तो वाढवला. खरं तर मुलाखत टिकते ती तिसऱ्या भागावर.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, सगळेच फुगवतात. हजार अर्जांतून चाळणी करणारा माणूस किंवा सॉफ्टवेअर ‘सिक्स सिग्मा’, ‘टीम लीड’ हे शब्द शोधतं. तुमचा अडीच ओळींचा खरा दावा वाचायला तिथे कुणाला वेळ आहे? यात तथ्य आहे. ‘सिक्स सिग्मा’ काढून टाकल्यावर काही ठिकाणांहून फोन येणार नाही, हे स्वीकारावं लागतं. पण सगळे शब्द जात नाहीत. सीएनसी, बोअर, पॅरेटो, रिजेक्शन अॅनालिसिस, ऑपरेटर ट्रेनिंग हे शब्द नव्या ओळीत आहेत किंवा सहज बसतात, आणि यांच्यावरही शोध होतो. शिवाय चाळणीतून पुढे गेल्यावर जी मुलाखत होते ती अर्ध्या-पाऊण तासाची. त्यातली पंधरा मिनिटं एका दाव्याची लक्तरं वेचण्यात गेली, तर उरलेल्या वेळात उमेदवार काहीही खरं बोलला तरी ऐकणारा ते निम्म्याने घेतो. एका ओळीबद्दल आलेला संशय पूर्ण पानावर पसरतो, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे आणि दर वेळी मला त्याचं दुःख झालं आहे, कारण पुढच्या ओळी कदाचित खऱ्या असतात.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. हे सगळं अतिशयोक्तीला लागू पडतं, असत्याला नाही. पदवी, नोकरीच्या तारखा, हुद्दा, प्रमाणपत्र या गोष्टींचं ‘बचाव करता येईल असं’ रूप नसतं. त्या असतात किंवा नसतात. याहूचे मुख्याधिकारी स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात अकाउंटिंगच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्सची पदवी लिहिली होती. ती त्यांच्याकडे नव्हती, आणि मे २०१२मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. आपल्याकडे नोकरीच्या तारखा भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरच्या नोंदींतून सहज तपासल्या जातात. अशी ओळ असेल तर ती पुसायची, तिच्यावर मेहनत घ्यायची नाही.

जुन्या रेझ्युमेची मोठी अडचण वेगळीच असते: नोंदी हाताशी नसतात. कंपनी सोडली, मेल बंद झाला, तक्ते तिथेच राहिले, आणि ते राहायलाच हवे होते, कारण ती कंपनीची मालमत्ता आहे. ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग मुलाखतीत बाहेर काढणारा उमेदवार आपल्याकडेही असंच करेल, हे समोरच्याला लगेच कळतं. अशा वेळी आधी आठवणीतून महिन्यांचा तक्ता मांडावा आणि त्या वेळी सोबत असलेल्या दोघातिघांना तो स्वतंत्रपणे विचारावा. ‘बोअरचं रिजेक्शन तेव्हा किती होतं रे?’ या प्रश्नाला दोघांकडून ‘दोनच्या आसपास’ असं उत्तर आलं, तर ‘सुमारे २ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली’ असं लिहिता येतं. ‘सुमारे’ हा शब्द आडोसा म्हणून वापरायचा नाही. तो लिहिला की, हा अंदाज कशावरून, याचं उत्तर तयार हवं. उत्तरं जुळली नाहीत तर आकडा गाळावा आणि काम लिहावं. लाल पेटी आणि नोंदवहीची गोष्ट आकड्याशिवायही उभी राहते.

लिहून झाल्यावर ओळ तपासायची एक रीत मला उपयोगी वाटते. मुलाखतीत आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्या वेळचे आपले मॅनेजर आणि एक ऑपरेटर बसले आहेत असं धरायचं आणि ओळ मोठ्याने वाचायची. जिथे त्यांच्याकडे बघवणार नाही, तो शब्द बदलायचा. ‘प्रकल्पाचे प्रमुख प्रॉडक्शन मॅनेजर होते’ हे तोंडी सांगायची तयारी या रीतीतूनच येते, आणि ते विचारण्याआधी सांगितलं तर आपला हिस्सा उलट ठळक होतो.

तयारी करायची ती एका जास्तीच्या प्रश्नाची: ‘हे टिकलं का?’ आमच्या धंद्यात कुठलीही सुधारणा पहिल्या महिन्यात चांगलीच दिसते, म्हणून हा प्रश्न जाणता माणूस विचारतोच. आपल्या उमेदवाराच्या प्रकरणात जानेवारीत इन्सर्टचा पुरवठादार बदलला, नवं इन्सर्ट लवकर झिजायला लागलं, आणि त्या महिन्यात बोअरचं रिजेक्शन १.१ टक्क्यांवर गेलं. मग मोजणी दर वीस नगांऐवजी दर दहा नगांनी सुरू केली आणि फेब्रुवारीत ते पुन्हा खाली आलं. सहा महिन्यांच्या ०.६ या सरासरीत तो जानेवारी धरलेला आहे. जुन्या ओळीत या जानेवारीला जागाच नव्हती. नव्या ओळीच्या आधारावर तो सांगता येतो, आणि विचारणारा तिथून पुढे उमेदवाराशी सहकाऱ्यासारखा बोलायला लागतो: पुरवठादार बदलताना तुम्हाला कळवलं होतं का? चाचणीचे नग घेतले होते का?

शेवटी उरतो तो जुना रेझ्युमे. तो नोकरीच्या संकेतस्थळांवर आणि भरती करणाऱ्यांच्या संगणकात पडून असतो, आणि कधी कधी मुलाखत घेणाऱ्याच्या हातात नेमकी तीच प्रत असते. अशा वेळी नवी प्रत सुरुवातीलाच पुढे करावी आणि साध्या शब्दांत सांगावं: ‘सर, जुन्या प्रतीत मी रिजेक्शनचा आकडा सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या महिन्यावरून काढला होता आणि बचत सादरीकरणातल्या अंदाजावरून लिहिली होती. या प्रतीत फक्त माझ्या बोअरचा आकडा आहे, हिशेबासकट.’ काही पॅनेल यावर भुवया उंचावतील. एखादं तिथेच थांबेलही. बाकीचे हिशेबाचा कागद मागतील, आणि मुलाखत बोअरवर सुरू होईल.